पॅनोरमाच्या तळातून ट्रायपॉड काढताना

गोलाकार पॅनोरमा पाहणारा माणूस केव्हा ना केव्हा खाली पाहतोच, आणि तिथे ट्रायपॉडचे तीन पाय दिसले की आपण त्या जागी उभे आहोत हा त्याचा भास मोडतो. पाय काढून त्या जागी फरशी भरणे हे काम ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात पाय सहज जातात; मागे राहते ती तुटलेली रेघ, दुहेरी दिसणारा सांधा किंवा एखादा धुरकट डाग. चौरस फरशीच्या एका मोठ्या दालनाचा पॅनोरमा करताना मी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे केले, ते येथे तपशिलाने लिहीत आहे. फरशीचा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण सरळ रेघांच्या जाळीवर एका पिक्सेलची चूकही डोळ्याला टोचते.

कॅमेरा फुल-फ्रेम होता, लेन्स १५ मिलिमीटरची फिशआय आणि पॅनोरमा हेडवर कॅमेरा उभा लावलेला होता. दर ६० अंशांना एक याप्रमाणे भोवतीची सहा छायाचित्रे आणि छताचे एक, असा मूळ संच घेतला. लेन्स जमिनीपासून १५० सेंटीमीटर उंचीवर होती आणि ट्रायपॉडचे पाय मध्यापासून सुमारे ५० सेंटीमीटरपर्यंत पसरलेले होते. या दोन मापांवरून पाय किती जागा व्यापतात हे काढता येते: अगदी खालच्या बिंदूपासून सभोवार सुमारे १८ अंश. तयार पॅनोरमा १२००० बाय ६००० पिक्सेलचा असेल, तर एका अंशाला ३३ पिक्सेल पडतात, म्हणजे चित्राच्या तळाच्या सुमारे ६०० ओळी पायांनी अडवलेल्या असतात. शिवाय भोवतीच्या छायाचित्रांची दृष्टी तळापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे मध्यभागी पाय नसते तरी भोक राहिलेच असते. ते भरण्यासाठी ट्रायपॉड बाजूला करून जमिनीचे वेगळे छायाचित्र घ्यावे लागते.

अडचण इथूनच सुरू होते. पॅनोरमा हेडवर कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरतो, तो बिंदू लेन्सच्या पॅरॅलॅक्स नसलेल्या बिंदूशी जुळवलेला असतो. म्हणून सहाही छायाचित्रे जणू एकाच डोळ्याने पाहिलेली असतात. ट्रायपॉड उचलला की तो डोळा हलतो. हाताने धरलेला कॅमेरा मूळ जागी कितीही काळजीपूर्वक आणला तरी तो पाच-दहा सेंटीमीटर इकडेतिकडे असणारच. दीडशे सेंटीमीटर उंचीवरून पाहताना जमिनीवरचा एक सेंटीमीटर या पॅनोरमात जवळजवळ १३ पिक्सेल होतो, तेव्हा दहा सेंटीमीटरच्या सरकीचे सव्वाशे पिक्सेल झाले. एवढी चूक ब्लेंडिंगने, म्हणजे दोन छायाचित्रांच्या कडा एकमेकींत मिसळून, झाकता येत नाही.

तरीही ती पूर्णपणे दुरुस्त करता येते, आणि त्यामागचे कारण समजून घेतले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप ठरत जाते. फरशी हे एक सपाट प्रतल आहे. सपाट प्रतलाचे एका जागेवरून घेतलेले छायाचित्र दुसऱ्या जागेवरून कसे दिसले असते, हे गणिताने नेमके काढता येते. त्यात अंदाजाचा भाग नाही. छायाचित्रे जोडणाऱ्या PTGui या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय Viewpoint या नावाने आहे आणि Hugin या तशाच सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्राच्या X, Y, Z या सरकीच्या मूल्यांतून तेच साधता येते. मात्र हे गणित फक्त प्रतलावर असलेल्या वस्तूंपुरतेच खरे आहे. जमिनीपासून वर आलेली प्रत्येक गोष्ट, मग ती सतरंजीची जाड कड असो, उंबरठा असो की फरशीत दिसणारे दिव्याचे प्रतिबिंब, या हिशेबाबाहेर राहते. त्यामुळे माझे सगळे लक्ष दोन गोष्टींवर होते: दोन छायाचित्रांमधला जोड पूर्णपणे फरशीवर राहील असे पाहणे आणि त्या जोडाची वाट स्वतः ठरवणे.

छायाचित्रे घेण्याआधी ट्रायपॉडच्या मध्यदांड्याखालच्या हुकाला ओळंबा टांगून तो एका फरशीच्या साधारण मध्यावर येईल असा ट्रायपॉड ठेवला. फरशी ६० सेंटीमीटर चौरस होती. मध्यावरची एक फरशी आणि तिच्या भोवतीच्या आठ, असा तीन बाय तीनचा चौकोन धरला, तर मध्यापासून प्रत्येक बाजूला ९० सेंटीमीटर जागा मिळते. पाय पन्नासपर्यंतच असल्याने त्यांच्या सावल्यांसह ते या चौकोनात आरामात मावतात. जोड कुठे असेल हे असे पहिले छायाचित्र घेण्यापूर्वीच ठरले होते. जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली नाही, कारण ती नंतर पुसावी लागते. ओळंब्यापासून सांध्यांच्या चार कोपऱ्यांची अंतरे मोजून लिहून ठेवली, तेवढे पुरते.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही हाताने ठरवून कायम ठेवले आणि तळाच्या छायाचित्रासाठीही तेच राहू दिले. यावर आणखी लिहिण्यासारखे काही नाही. यातले एकही स्वयंचलित ठेवले तर पुढचे काम विनाकारण वाढते.

तळाच्या छायाचित्रासाठी मी पॅनोरमा हेड काढून ट्रायपॉड मिटवला, पाय आणि मध्यदांडा मिळून सुमारे पावणेदोन मीटर लांबीची काठी केली, तिच्या टोकाला कॅमेरा सरळ खाली तोंड करून लावला आणि काठीचा खालचा शेंडा ठरवलेल्या चौकोनाच्या थोडा बाहेर टेकवला. काठी तिरपी करून कॅमेरा लिहून ठेवलेल्या मध्यबिंदूवर आणला, तेव्हा लेन्सची उंची पुन्हा दीड मीटरच्या आसपास आली. या मांडणीचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. कॅमेरा काठीच्याच टोकाला असल्यामुळे त्याला काठी लांबीने दिसत नाही. ती जवळजवळ टोकाकडून, म्हणजे शेंड्याच्या दिशेला आखूड होऊन दिसते. शेंडा चौकोनाबाहेर असेल, तर काठी आणि मागे उभे असलेले आपले पायही चौकोनाबाहेरच राहतात. शटर टायमरवर ठेवले होते. खिडक्या एका बाजूला होत्या, म्हणून मी त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलो, म्हणजे माझी सावली चौकोनापासून दूर पडेल. दुसरे छायाचित्र काटकोनात, वेगळ्या बाजूने घेतले. ते पुढे वापरावे लागले नाही, पण पहिल्यातल्या सावलीची खात्री पडद्यावर पाहिल्याशिवाय होत नाही.

फरशी अर्धवट चकाकणारी होती. चकाकीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रतलाचे गणित सर्वांत जास्त फसते ते इथेच. प्रतिबिंब फरशीवर नसते. दिवा जितका वर, तितकेच खोल ते फरशीखाली असल्यासारखे वागते. साडेतीन मीटर उंचीवर, मध्यापासून एक मीटर बाजूला असलेल्या दिव्याचे प्रतिबिंब मध्यापासून ३० सेंटीमीटरवर, म्हणजे आपल्या चौकोनातच पडते. कॅमेरा दहा सेंटीमीटर सरकला की ते फरशीवर सुमारे सात सेंटीमीटर सरकते, म्हणजे पॅनोरमात ९० पिक्सेलच्या आसपास. सांधे अचूक जुळले असतानाही प्रतिबिंब अर्धे कापलेले दिसू शकते ते यामुळे. मी दिवे बंद करून घेतले. ते शक्य नसते, तर प्रतिबिंब संपूर्णपणे एकाच छायाचित्रात ठेवले असते. ते मूळ जागेपासून थोडे सरकलेले आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही, चूक दिसते ती जोड त्याच्यामधून गेला तरच. खिडक्यांची प्रतिबिंबे मात्र मध्यापासून दीड-दोन मीटरवर पडत होती आणि त्यांना आपोआपच हात लागला नाही. चौकोन गरजेपेक्षा मोठा घेऊ नये, याचे हे एक कारण आहे.

स्टिचिंग दोन टप्प्यांत केले. आधी तळाचे छायाचित्र बाजूला ठेवून उरलेली सात जुळवली, लेन्सची मूल्ये त्यांच्यावरूनच ठरवली, भिंतींच्या उभ्या रेघा वापरून पॅनोरमा सरळ केला. त्यानंतर ही सगळी मूल्ये गोठवली आणि मगच तळाचे छायाचित्र आत आणून फक्त त्याची दिशा आणि Viewpoint मोजू दिले. सगळे एकत्र मोजायला दिले, तर तळाच्या छायाचित्रातली प्रत्येक विसंगती लेन्सच्या मूल्यांत मुरते आणि भिंतीकडचे चांगले जोडही बिघडतात.

आता कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन छायाचित्रांत एकाच जागेवर ठेवलेले जुळणीचे बिंदू. तळाच्या छायाचित्रासाठी ते सर्व फरशीवरच असले पाहिजेत. एखादा जरी खुर्चीच्या पायावर किंवा सावलीच्या कडेवर पडला, तरी सॉफ्टवेअर प्रतल वाकडे करून त्याला सामावून घेते. सावल्या तर माणूस हलताच बदलतात. तत्त्वतः चार बिंदू पुरतात, पण मी चौकोनाच्या चारही बाजूंना विखुरलेले दहा-बारा घेतले. एका बाजूला दाटीने घेतलेले तीस बिंदू चारही दिशांना पसरलेल्या आठ बिंदूंइतके उपयोगी नसतात, कारण समोरची बाजू मोकळी राहिली की ती तरंगते.

या दालनात स्वयंचलित बिंदूशोध मी बंदच ठेवला, त्याचे कारण सांगण्याजोगे आहे. फरशीच्या जाळीत सांध्यांचा प्रत्येक चौक दुसऱ्यासारखाच दिसतो. सॉफ्टवेअरने एका छायाचित्रातला चौक दुसऱ्यातल्या शेजारच्या चौकाशी जुळवला आणि बाकीचेही तसेच एकेक घर सोडून जुळवले, तर साध्या स्टिचिंगमध्ये त्रुटी मोठी येते आणि चूक लगेच उघडी पडते. परंतु Viewpoint चालू असताना सॉफ्टवेअरला एक पळवाट मिळते: कॅमेराच ६० सेंटीमीटर सरकला होता असे मानले की सगळे बिंदू उत्तम जुळतात. सरासरी त्रुटी एका पिक्सेलच्या आत दिसते, सांधे सांध्यांना मिळतात, आणि तरीही जागा चुकलेली असते. याचा परिणाम म्हणजे ज्या भागात ट्रायपॉड नव्हता तो भाग चौकोनात येतो आणि काठीचा शेंडा किंवा आपले बूट भलत्याच ठिकाणी उगवतात. एरवी न उगवले तरी फरशीवरचे डाग जोडापाशी अर्धवट तुटतात. म्हणून बिंदू जोडताना मी सांध्यांच्या चौकांआधी ओळखीच्या खुणा शोधल्या: एका फरशीचा टवका उडालेला कोपरा, एक तांबूस ठिपका, एका सांध्यातली केसाएवढी भेग. अशा तीन खुणा जुळल्या की कुठला चौक कोणाचा याबद्दल शंका उरत नाही आणि मग चौकांवर निर्धास्तपणे बिंदू ठेवता येतात. चौरस फरशीत ९० अंशांनी फिरलेली जुळणीही याच पद्धतीने पकडता येते.

जुळणी झाल्यावर मास्क, म्हणजे छायाचित्राचा नको असलेला भाग झाकून वगळणे. भोवतीच्या छायाचित्रांतील पाय झाकताना मी मास्क पायांच्या कडेला चिकटवून काढला नाही. पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे एक मऊ, काळसर सावली असते. पाय गेला आणि सावली राहिली, तर ब्लेंडिंग तिला भोवती पसरवते आणि तीन ठिकाणी धूळ साचल्यासारखे डाग दिसतात. त्यामुळे चौकोनातले मूळ छायाचित्रांचे सगळेच पिक्सेल वगळले आणि तळाच्या छायाचित्रातून त्याउलट चौकोनाबाहेरचे वगळले, दोन्हींत सांध्याच्या रुंदीहून किंचित जास्त परस्परव्याप्ती ठेवून.

जोड सांध्यातून नेण्यामागे विचार आहे. आकाराची चूक दिसते ती जोड एखाद्या रेघेला छेदतो तिथे. रंगाची किंवा उजळपणाची चूक दिसते ती जोड गुळगुळीत पृष्ठावरून जातो तिथे. जोड फरशीच्या मधून नेला, तर दोन्ही धोके पत्करावे लागतात: फरशीवर छटेचा फरक दिसतो आणि वाटेतला प्रत्येक आडवा सांधा छेदला जातो. तोच जोड सांध्याच्या गडद पट्टीतून नेला, तर छटेचा फरक दोन वेगळ्या फरशांमधला नैसर्गिक फरक वाटतो, आणि छेद जातात ते फक्त चौकांवर, जिथे कंट्रोल पॉइंट असल्यामुळे जुळणी सर्वांत पक्की असते. अर्थात यासाठी जाळी हवी. एकसंध सिमेंटच्या जमिनीवर हा लाभ नाही. तिथे रेघांचा त्रासही नसतो, आणि रुंद, मऊ जोड बिनधास्त देता येतो.

चौकोनाच्या एका बाजूला, सुमारे मीटरभर अंतरावर, सतरंजीची कड होती. तिची जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास असेल. कॅमेरा २० सेंटीमीटर सरकला असता, तर या जाडीमुळे कड जमिनीच्या मानाने अडीच ते तीन मिलिमीटर सरकली असती, म्हणजे पॅनोरमात साडेतीन पिक्सेल. हे थोडे वाटते, पण सरळ कडेवर तेवढी पायरी स्पष्ट दिसते. पातळ चटई असती, पाच मिलिमीटर जाडीची, तर चूक एका पिक्सेलच्या आत राहिली असती आणि मी तिच्यावरून जोड नेलाही असता. हा छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे: सरकीला वस्तूच्या उंचीने गुणावे आणि वस्तूपासून कॅमेऱ्याच्या उंचीने भागावे, जमिनीवरची चूक मिळते. गवत, खडी, पालापाचोळा यांच्यावर मात्र हा हिशेब थकतो, कारण तिथे प्रतलच नसते. तिथे मी आसपासचाच पोत क्लोन करून भरतो, आणि रेघा नसल्यामुळे ते खपते.

शेवटची सफाई सपाट पसरलेल्या, दोनास एक प्रमाणाच्या चित्रावर करू नये. त्या चित्रात तळाची सगळ्यात खालची ओळ हा प्रत्यक्षात एकच बिंदू असतो आणि त्याच्यापासून पाच अंशांवरही आडवी ताण अकरापटीहून जास्त असते. तिथे ब्रशने गोल ठिपका काढला तर तो खाली पाहताना पाचरीसारखा दिसतो. मी तयार पॅनोरमा स्वतःच एक छायाचित्र म्हणून, ३६० अंशांचे इक्विरेक्टँग्युलर असे सांगून, पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घेतला, त्याला ९० अंश फिरवून तळ समोर आणला आणि ९० अंश रुंदीचे, सरळ रेघा सरळ ठेवणारे रेक्टिलिनिअर चित्र बाहेर काढले. त्याची बाजू पॅनोरमाच्या रुंदीला पायने भागून ठरवली, सुमारे ३८२० पिक्सेल, म्हणजे मध्यावरची स्पष्टता कमी होत नाही. दुरुस्ती वेगळ्या पारदर्शक थरावर केली आणि परत नेताना फक्त तो थरच नेला. संपूर्ण चौकोनी चित्र परत चिकटवले, तर दोनदा पुन्हा मोजल्यामुळे ते किंचित मऊ झालेले असते आणि त्याच्या चार कडा हाच नवा जोड होऊन बसतो.

हेच चित्र तपासणीचे सर्वांत चांगले साधनही ठरले. सरळ खाली पाहणाऱ्या रेक्टिलिनिअर चित्रात समतल फरशी आराखड्यासारखी दिसते: प्रत्येक फरशी खरा चौरस, आणि सगळ्या सारख्या मापाच्या. दीड मीटर उंचीवरून ९० अंशांत जमिनीचे तीन मीटर मावतात, तेव्हा ६० सेंटीमीटरची फरशी ३८२० पिक्सेलच्या चित्रात ७६४ पिक्सेल यायला हवी. मी चौकोनाच्या आतल्या आणि बाहेरच्या फरशा मोजल्या. एका बाजूच्या सगळ्याच, आतल्या आणि बाहेरच्या, फरशा लहान आणि समोरच्या मोठ्या असतील, तर दोष जोडाचा नसून पॅनोरमाच सरळ केलेला नाही. बाहेरच्या बरोबर आणि आतल्या सगळ्या सारख्याच लहान असतील, तर तळाच्या छायाचित्राची उंची चुकीची मोजली गेली आहे. आतल्या फरशा एका टोकाला निमुळत्या असतील, तर त्या टोकाकडे कंट्रोल पॉइंट कमी पडले आहेत. माझ्या चित्रात खिडकीच्या विरुद्ध बाजूची शेवटची रांग आत ७६१ आणि बाहेर ७६४ अशी आली. त्या बाजूच्या सांध्यांवर आणखी तीन बिंदू देऊन पुन्हा मोजल्यावर फरक एका पिक्सेलवर आला आणि चौकांवरची पायरी गेली.

राहिलेले काम पॅनोरमा दर्शकात पाहण्याचे होते. सरळ खाली पाहून चित्र सावकाश फिरवले, जवळ आणले, आणि नंतर तळापासून तीस-चाळीस अंश वर, जिथे जोड आहे तिथे, सांध्यांच्या रेघा डोळ्याने धरून आतून बाहेर गेलो. दोन चौकांवर सांधा दुहेरी दिसला. तिथे ब्लेंडिंगची पट्टी रुंद होती, ती सांध्याच्या रुंदीइतकी अरुंद केली. फरशीच्या चकाकीत, मध्याच्या जरा बाजूला, काठीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचे फिकट प्रतिबिंब उरले होते. ते त्याच पारदर्शक थरावर शेजारच्या फरशीचा पोत घेऊन झाकले आणि थर पुन्हा तळाच्या जागी, उणे ९० अंशांवर, बसवला.